थरथरत्या हातांसाठी टीव्हीचा रिमोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात गेली बरीच वर्षं डिश, केबल आणि टीव्ही दुरुस्तीची कामं करतो. माझ्या आईच्या उजव्या हाताला कंप आहे. तिच्यासाठी घरात जे करून पाहिलं ते हळूहळू गिऱ्हाइकांच्या घरीही करून देऊ लागलो आणि मग व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न यायला लागले. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक घरांत एक टीव्ही, एक सेट-टॉप बॉक्स आणि त्यांचे दोन वेगळे रिमोट असतात, तेच घर मी डोळ्यांसमोर धरलं आहे. आजाराबद्दल जे लिहिलं आहे ते रिमोटपुरतंच आहे. निदान आणि औषधं डॉक्टरांकडे.

१. बाबांना दिसतं नीट, बटणंही पाठ आहेत. मग हात थरथरला की रिमोटवर अडतं तरी काय?

बाबांच्या शेजारी बसून पाच मिनिटं नुसतं बघा. तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतील. पहिली, बोट शेजारच्या बटणावर जातं. दुसरी, बोट बरोबर बटणावर जातं, पण एकदा दाबलेलं दोनदा लागतं. तिसरी, जे बटण धरून ठेवायचं असतं त्यावरून बोट मध्येच सुटतं.

सगळ्यात जास्त त्रास दुसऱ्या गोष्टीचा होतो आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. कंपवातातला कंप साधारण सेकंदाला ४ ते ६ वेळा होतो. म्हणजे पाव सेकंदात बोट बटणावरून उठून परत टेकलेलं असतं आणि टीव्हीला ते दोन वेळा दाबल्यासारखं वाटतं. माझी आई लाल बटण दाबायची, टीव्ही लागायचा आणि लगेच बंद व्हायचा. रिमोट बिघडला म्हणून आम्ही दोनदा नवा आणला. बिघाड रिमोटमध्ये नव्हताच.

तुमच्याकडे या तिघांपैकी काय होतं ते आधी ठरवा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. चुकीचं बटण लागत असेल तर प्रश्न ३ आणि ४, दोनदा लागत असेल तर ७, बोट सुटत असेल तर ९.

२. कंपवात आणि नुसता हाताचा कंप, यात रिमोटच्या दृष्टीने काही फरक आहे का?

आहे. कंपवातात हात बहुधा मांडीवर निवांत असताना थरथरतो आणि काही धरायला पुढे केला की थोडा स्थिरावतो. पण रिमोट हातात तसाच धरून ठेवला तर काही क्षणांनी कंप परत येऊ शकतो. इसेन्शियल ट्रेमर नावाच्या दुसऱ्या प्रकारात उलट असतं. हात मांडीवर शांत असतो आणि बोट बटणाजवळ जाईल तसा कंप वाढतो.

पहिल्या प्रकारात रिमोट हातात धरायला न लावणं हाच अर्धा उपाय आहे. दुसऱ्यात कोपर आणि मनगट दोन्ही टेकलेली हवीत, म्हणजे हवेत फक्त बोट राहतं. दोन्ही प्रकारांत घाई केली, कोणी मागे उभं राहून "अहो, ते नाही, वरचं" म्हणालं की कंप वाढतो. हे मी घरोघरी पाहिलं आहे.

३. मोठ्या बटणांचा रिमोट म्हणजे नेमका कोणता? दुकानात काय मागायचं?

"मोठ्या बटणांचा लर्निंग रिमोट" असं मागा. लर्निंग म्हणजे तो तुमच्या जुन्या रिमोटकडून एकेक बटण शिकून घेतो. त्यामुळे टीव्हीचं आवाजाचं बटण आणि बॉक्सचं चॅनलचं बटण एकाच रिमोटवर येतं. नुसता "युनिव्हर्सल" मागितलात तर अनेकदा हातभर लांब, पन्नास बटणांचा रिमोट हातात पडतो.

बटण मोठं असण्यापेक्षा दोन बटणांमधली मोकळी जागा महत्त्वाची. मोठी बटणं एकमेकांना चिकटून असली तर बोट तितकंच घसरतं. निदान अर्ध्या बोटाइतकी जागा मधे हवी. बटण दाबल्यावर टच्‌ असं जाणवलं पाहिजे, नाहीतर माणूस लागलं की नाही म्हणून परत दाबतो. एकूण बटणं सहा ते आठ असली की पुरे. बाजूंना उंच कड असलेली किंवा खोलगट बटणं मिळाली तर तीच घ्या, बोट त्यात बसतं.

आणखी एक तपासणी दुकानातच किंवा पहिल्याच दिवशी करा. एक बटण शिकवा, सेल काढा, दहा मिनिटांनी परत घाला. शिकलेलं विसरला तर तो रिमोट परत करा. नाहीतर दर वेळी सेल संपले की सगळं पुन्हा शिकवत बसावं लागेल.

४. नवा रिमोट न घेता आहे त्याच रिमोटवर काही करता येईल का?

येईल, आणि मी आधी हेच करायला सांगतो. आईसाठी काय केलं ते सांगतो. साधारण वहीच्या आकाराची प्लायची फळी घेतली. तिच्या मधोमध रिमोट दोन वेल्क्रोच्या पट्ट्यांनी चिकटवला, म्हणजे सेल बदलायला काढता येतो. फळीच्या खाली घसरू नये म्हणून रबरी जाळीची चटई कापून लावली, तीच जी कपाटाच्या कप्प्यात घालतात. फळी खुर्चीच्या हातावर आणि मांडीवर मिळून टेकते. आई तळहाताची कड फळीवर ठेवते आणि फक्त बोट हलवते. रिमोट उचलायचा नाही, धरायचा नाही.

मग नको त्या बटणांवर जाड पुठ्ठा लावला आणि हव्या त्या पाच बटणांपुरती भोकं पाडली. भोक बटणापेक्षा किंचित मोठं आणि पुठ्ठा बटणापेक्षा उंच हवा, म्हणजे बोट आधी कडेला टेकतं आणि मग आत जातं. यासाठी पुठ्ठ्याचे दोन-तीन थर फेव्हिकॉलने चिकटवावे लागतात. एकाच थराचा पुठ्ठा बोटाच्या जोराने वाकतो आणि खालचं बटण दाबलं जातं.

सगळ्यात आधी झाकायचं बटण म्हणजे Source किंवा Input. ते चुकून लागलं की पडद्यावर "No Signal" येतं आणि म्हातारं माणूस टीव्ही बिघडला म्हणून दिवसभर बंद ठेवतं. मला येणाऱ्या फोनांमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे.

५. लर्निंग रिमोट शिकवायचा कसा? पुस्तिका इंग्रजीत आहे.

हे काम घरातल्या ज्याचा हात स्थिर आहे त्याने करावं. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर ठेवा, नाकाला नाक लावल्यासारखे, मधे दोन-तीन सेंटीमीटर अंतर ठेवून. खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर दुसऱ्या जागी बसा, रिमोट ज्या अदृश्य इन्फ्रारेड किरणांवर चालतो तेच उन्हातही असतात आणि शिकण्यात गडबड होते. जुन्या रिमोटमध्ये नवे सेल घाला. अर्धे संपलेले सेल असले की अर्धवट शिकवलं जातं.

नव्या रिमोटवर शिकण्याची स्थिती चालू करायची असते. कुठे त्यासाठी LEARN किंवा SET असं छोटं बटण असतं, कुठे दोन बटणं एकत्र काही सेकंद दाबावी लागतात. दिवा लागून राहिला की नव्या रिमोटवरचं जे बटण शिकवायचं ते एकदा दाबा, मग जुन्या रिमोटवरचं त्याच कामाचं बटण दाबा. दिवा लुकलुकला की घेतलं. असं एकेक करत जा आणि शेवटी शिकण्याची स्थिती बंद करा. प्रत्येक बटण शिकवलं की लगेच टीव्हीवर करून बघा, सगळी संपवून मग नको.

कोणतं बटण कोणत्या रिमोटचं घ्यायचं हे आधी कागदावर लिहा. आवाज एकाचाच ठेवा. मी सेट-टॉप बॉक्सचा आवाज वरच्या पातळीवर नेऊन ठेवतो आणि मोठ्या रिमोटला टीव्हीचा आवाज शिकवतो. दोन्हींचे आवाज वेगवेगळे वरखाली होत राहिले की आवाज कुठे अडकला ते कोणालाच कळत नाही. चॅनलची वर-खाली बटणं बॉक्सची घ्या. चालू-बंदचं एक बटण टीव्हीचं आणि जमल्यास दुसरं बॉक्सचं. Source शिकवूच नका.

६. सगळं बरोबर केलं तरी दिवा लुकलुकत नाही. आमच्या बॉक्सचा रिमोट शिकवलाच जात नाही.

तो रिमोट बहुधा ब्लूटूथवर चालतो. इंटरनेटवर चालणाऱ्या अनेक बॉक्सचे आणि टीव्हीला मागे लावायच्या स्टिकचे रिमोट असे असतात. लर्निंग रिमोट फक्त इन्फ्रारेड शिकतो, ब्लूटूथ शिकू शकत नाही.

खात्री करायला मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबून ठेवा. पडद्यावर पांढरट जांभळा ठिपका लुकलुकला तर इन्फ्रारेड आहे. काहीच दिसलं नाही तर त्याच कॅमेऱ्यासमोर चालू असलेला दुसरा रिमोट धरून कॅमेरा तपासा, कारण काही मोबाइलचे कॅमेरे हे किरण गाळून टाकतात. पाठचे कॅमेरे तर बरेचदा.

एक फसवी गोष्ट आहे. काही स्टिकच्या रिमोटवर टीव्हीचं चालू-बंद आणि आवाज इन्फ्रारेडने जातो, बाकी सगळं ब्लूटूथने. त्यामुळे दोन-तीन बटणं शिकवली जातात आणि बाकीची नाहीत. म्हणून कॅमेऱ्यासमोर प्रत्येक बटण वेगवेगळं दाबून बघा. ब्लूटूथ निघालं तर प्रश्न ४ मधली फळी किंवा प्रश्न ९ मधला आवाजाचा मार्ग, हे दोनच उरतात.

७. एकदा दाबलं की दोनदा लागतं. टीव्ही चालू होऊन लगेच बंद. याला काय करायचं?

आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये Accessibility उघडून बघा. सॅमसंगच्या काही स्मार्ट टीव्हींमध्ये तिथे Remote Button Repeat Settings असतं. त्याने बटण दाबून राहिलं तर तेच काम भराभर पुन्हा होण्याचा वेग कमी करता येतो. आवाज एकदम वीसने वाढतो त्यावर याचा उपयोग होतो. पण बोट उठून परत टेकलं असेल तर टीव्हीला ते वेगळं दाबणं वाटतं, त्यावर हे सेटिंग पुरं पडत नाही.

त्यावर उपाय बटणाच्या बाजूने करावा लागतो. बोटाच्या टोकाने टोचण्याऐवजी अंगठ्याच्या पेराने किंवा वाकवलेल्या बोटाच्या सांध्याने दाबायला सांगा. रुंद, जड भाग टेकला की तो उसळत नाही. आईला हे बोटापेक्षा पुष्कळ बरं जमतं. दुसरं, दाबून "एक" म्हणायचं आणि मग बोट सरळ वर न उचलता कडेला सरकवत प्रश्न ४ मधल्या पुठ्ठ्याच्या भोकाच्या काठावर आणायचं. बोट वर उचलतानाच तो दुसरा ठोका पडतो.

चालू-बंदच्या बटणाला मी वेगळीच वागणूक देतो, कारण दोन वेळा लागलं तर नुकसान तिथेच होतं. त्याचं भोक सगळ्यात खोल ठेवतो आणि ते इतरांपासून लांब, फळीच्या वरच्या कोपऱ्यात येईल असा रिमोट बसवतो.

८. चॅनलचा नंबर तीन-चार आकड्यांचा असतो. ११६ दाबायला गेलं की १११ होतं. काय करावं?

आकडे दाबायला लावूच नका. सेट-टॉप बॉक्समध्ये Favourites नावाची यादी असते. पाहिली जाणारी आठ-दहा चॅनलं त्यात घाला. यादी उघडायचं बटण रिमोटवर असेल तर ते मोठ्या रिमोटला शिकवा. अनेक बॉक्समध्ये ही यादी चालू असताना चॅनल वर-खाली केलं की फक्त त्यातलीच चॅनलं फिरतात. तुमच्या बॉक्समध्ये तसं होतं का ते करून बघा. झालं तर दोन बटणांत सगळं भागतं आणि एखादं जास्तीचं दाबलं गेलं तरी माणूस फार लांब जात नाही.

यादीतला क्रम बघणाऱ्याच्या दिवसाप्रमाणे लावता आला तर सोन्याहून पिवळं. आईच्या यादीत सकाळचं भक्तीचं चॅनल, मग बातम्या, मग मालिकांची दोन चॅनलं अशी ओळ आहे. दिवसभरात ती फक्त "वर" दाबत जाते.

९. रिमोटवर माइकचं बटण आहेच. मग त्यावर बोलून काम होणार नाही का?

हात थरथरणाऱ्याला बरेचदा नाही होत. पुष्कळ रिमोटवर ते बटण बोलणं संपेपर्यंत दाबून धरावं लागतं. मधेच बोट सुटलं की अर्धंच वाक्य जातं. काही रिमोटवर एकदा दाबून सोडलं तरी तो ऐकत राहतो. तुमचा कोणता, ते एकदा करून बघा.

खरा उपयोग बटणाशिवाय ऐकणाऱ्या सोयीचा आहे. ती दोन प्रकारे मिळते. काही स्मार्ट टीव्हींच्या स्वतःच्या पट्टीत माइक असतो आणि "हे गूगल" म्हटलं की तो ऐकतो. तो माइक बंद करायचा छोटा खटका बहुधा टीव्हीच्या खालच्या कडेला असतो, आधी माइक चालू आहे का बघा. दुसरा प्रकार म्हणजे वेगळा छोटा स्पीकर. फायर टीव्ही स्टिक आणि अलेक्साचा स्पीकर एकाच खात्यावर असले की अलेक्सा ॲपमध्ये Settings, मग TV & Video, मग Fire TV असं जाऊन दोघांची जोडी लावता येते. मग खुर्चीतूनच "अलेक्सा, टीव्ही बंद करो" चालतं.

स्टिकने टीव्ही चालू-बंद व्हायचा असेल तर टीव्हीत HDMI-CEC, म्हणजे जोडलेल्या उपकरणाला टीव्ही चालू-बंद करू देणारं सेटिंग, चालू हवं. टीव्हीवर ते या नावाने सापडत नाही. सॅमसंगमध्ये Anynet+, एलजीमध्ये SimpLink, सोनीमध्ये Bravia Sync असं लिहिलेलं असतं. जोडी लागली पण टीव्ही उठत नाही, अशी तक्रार आली की मी आधी हेच उघडतो.

१०. आईला हिंदी-इंग्रजी बोलायची सवय नाही. मराठीत बोललं तर चालतं का?

मोबाइलवरचं गूगल असिस्टंट मराठी समजतं, पण टीव्ही आणि स्पीकरसाठी हिंदी किंवा इंग्रजी धरून चाला. अडचण वाटते तेवढी मोठी नाही, कारण लागतात ती वाक्यं पाच-सहाच असतात: चालू करो, बंद करो, आवाज़ कम करो, आवाज़ बढ़ाओ, रुको.

वाक्य शक्य तितकं छोटं ठेवा आणि दोन्ही भाषांत सारखे असलेले शब्द निवडा. अलेक्सा ॲपमध्ये Routines या ठिकाणी आपला शब्द आपण ठरवू शकतो. तिथे "बातम्या" ऐवजी "समाचार" आणि "लाव" ऐवजी "लगाओ" घाला. ठरलेली वाक्यं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टीव्हीशेजारी लावा. पहिला आठवडा आई कागद बघून बोलायची, नंतर तो कागद मीच काढला.

११. आमच्याकडे साधा डिशचा बॉक्स आहे, इंटरनेटवाला नाही. तो आवाजावर चालेल?

चालेल, पण मधे एक डबी लागते. वायफायवर चालणारा इन्फ्रारेड ब्लास्टर म्हणतात तिला. अलेक्सा डबीला सांगते, डबी बॉक्सला रिमोटसारखे किरण पाठवते. म्हणजे बॉक्सला वाटतं कोणीतरी रिमोटच दाबला.

एका घरी केलेलं काम सविस्तर सांगतो. आजोबांना रोज संध्याकाळी एकच चॅनल हवं होतं, नंबर चार आकडी. डबी टीव्हीच्या मागे न ठेवता समोरच्या टीपॉयवर ठेवली, कारण तिला बॉक्सचं तोंड दिसलं पाहिजे. डबीच्या ॲपमध्ये बॉक्सचा रिमोट यादीतून निवडला. तीन बटणं चालेनात, ती प्रश्न ५ सारखीच शिकवली. मग ॲपमध्ये Tap-to-Run म्हणून एक साखळी बनवली: पहिला आकडा, १ सेकंद थांबा, दुसरा आकडा, परत १ सेकंद, असं शेवटच्या आकड्यापर्यंत. आधी अंतर ठेवलंच नव्हतं तेव्हा बॉक्स मधला आकडा गिळायचा. उलट फार थांबलं तर बॉक्स अर्ध्या नंबरावरच चॅनल बदलतो. शेवटी अलेक्सा ॲपमध्ये Routine केलं: आजोबा "कीर्तन लगाओ" म्हणाले की ही साखळी चालवायची. आता त्यांना चार आकडे दाबायचे नसतात.

जोडताना हमखास अडणारी जागा म्हणजे वायफाय. अशा डब्या बहुधा 2.4 GHz वरच चालतात. राउटर दोन नावं दाखवत असेल तर मोबाइलही त्याच 2.4 च्या नावावर आणून मग जोडा.

१२. "चालू करो" म्हटलं की चालू असलेला टीव्ही बंद होतो. असं का?

डबीने पाठवलेले किरण एकाच दिशेने जातात. टीव्ही चालू आहे की बंद, हे डबीला कळत नाही. त्यात बऱ्याच रिमोटचं चालू आणि बंद हे एकच बटण असतं. मधे कोणी हाताने टीव्ही बंद केला की डबीचा हिशोब उलटा होतो.

जमत असेल तर टीव्ही HDMI-CEC वरून चालू-बंद करा (प्रश्न ९) आणि डबी फक्त चॅनलसाठी ठेवा. नाही जमलं तर सेट-टॉप बॉक्स दिवसभर चालूच राहू द्या, रात्री भिंतीच्या बटणाने बंद करा. मात्र सकाळी वीज दिल्यावर तो आपोआप उठतो की लाल दिव्यावर थांबतो, हे आधी पाहून घ्या.

१३. बाबांचा आवाजही आता फार हळू झाला आहे. स्पीकर ऐकतच नाही.

कंपवातात आवाज बारीक होणं नेहमीचं आहे, आणि बोलणाऱ्याला स्वतःला तो पुरेसा मोठा वाटत असतो. इसेन्शियल ट्रेमरमध्ये काहींचा आवाज कापरा होतो. म्हणून "जरा मोठ्याने बोला" म्हणून भागत नाही.

स्पीकर टीव्हीजवळून काढा आणि बाबांच्या हाताशी, एक-दीड मीटरच्या आत ठेवा. पंख्याच्या थेट झोतात नको. क्रम असा शिकवा: श्वास घ्यायचा, "अलेक्सा" म्हणायचं, निळा दिवा लागेपर्यंत थांबायचं, मग परत श्वास घेऊन बाकीचं बोलायचं. बोलताना मधे थांबावं लागत असेल तर अलेक्सा ॲपच्या Accessibility मध्ये Adaptive Listening चालू करा, त्याने तो थोडा जास्त वेळ थांबून ऐकतो. "अलेक्सा" मधला "क्स" निघत नसेल तर हाक मारायचा शब्द "इको" करता येतो. बोलण्याचे व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट असतात, तेही डॉक्टरांना विचारा.

एवढं करूनही दहातली पाच वेळा ऐकत नसेल तर तिथेच थांबा आणि फळीकडे वळा. पाच वेळा तेच ओरडायला लावणं माणसाला लागतं.

१४. टीव्हीतल्या माणसांच्या बोलण्याने स्पीकर जागा होतो, किंवा टीव्हीच्या आवाजात आमचं ऐकत नाही.

दोन्हींचं कारण जागाच असते. स्पीकर टीव्हीशेजारी असेल तर प्रश्न १३ प्रमाणे हलवा. तरीही जाहिरातींत वारंवार उठत असेल तर हाकेचा शब्द बदला. टीव्हीचा आवाज मुळात खूप वाढवून ठेवलेला असेल तर ऐकू कमी येतं का ते तपासून घ्या, त्या घरात आवाजी आज्ञा कायम अडखळणार.

१५. लाइट गेली, नेट गेलं, मग काय?

नेट नसेल तर आवाजावरचं सगळं थांबतं. वीज आल्यावरही राउटर, स्पीकर आणि बॉक्स उठायला काही मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात आई तीनदा हाक मारून थकायची. म्हणून तिला सांगून ठेवलं आहे की राउटरचा हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत बोलायचं नाही. इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि स्पीकर त्याच्या लाइनवर घ्या.

आवाजाची सोय केली म्हणून मोठ्या बटणांचा रिमोट कपाटात टाकू नका. तो वायफायशिवाय चालतो. मी दोन्ही एकत्रच बसवून देतो.

१६. मोबाइलवर रिमोटचं ॲप घेतलं तर? पडदा मोठा असतो.

बघणाऱ्यासाठी मी ते सुचवत नाही. काचेवर बटणाची कड बोटाला लागत नाही आणि थरथरलेलं बोट पडद्यावर ओढलं गेलं की वेगळंच काही उघडतं. वापरायचंच असेल तर सॅमसंगच्या मोबाइलमध्ये Accessibility च्या Interaction and dexterity मध्ये Tap duration आणि Ignore repeated touches आहे. यातल्या दुसऱ्या सेटिंगमुळे दोनदा टेकलेलं बोट एकदाच धरलं जातं. मोबाइल फळीवर किंवा उतरत्या स्टँडवर टेकवा.

मोबाइलचा उपयोग लांबच्या माणसाला मात्र होतो. प्रश्न ११ मधल्या डबीचं ॲप मुलीच्या मोबाइलवरही असलं तर ती पुण्यातून आईचं चॅनल लावून देऊ शकते.

१७. सकाळी छान जमतं, दुपारनंतर त्याच रिमोटवर काहीच जमत नाही.

कंपवाताच्या गोळीचा परिणाम उतरत आला की हात जड होतो आणि कंप वाढू शकतो. चार दिवस गोळीची वेळ आणि रिमोट जमलं-नाही जमलं हे शेजारी शेजारी लिहा. रोज ठराविक वेळीच अडत असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा, गोळीची वेळ स्वतः बदलू नका. इकडे रिमोट निवडताना आणि फळी बसवताना मुद्दाम वाईट वेळेत करून बघा. सकाळी अकराला जमलेलं संध्याकाळी सातच्या मालिकेला उपयोगी पडेलच असं नाही.

१८. लर्निंग रिमोटवर आवाज एकदा वाढतो, पण तेच बटण दुसऱ्यांदा दाबलं तर काही होत नाही. मधे दुसरं बटण दाबलं की परत चालतं.

हे क्वचित होतं, पण झालं की कोणालाच उलगडत नाही. काही कंपन्यांच्या इन्फ्रारेड भाषेत, फिलिप्सने आणलेली आरसी-५ ही त्यातली जुनी, प्रत्येक नव्या दाबण्याबरोबर एक खूण पालटते. खूण तीच असेल तर टीव्ही समजतो की बटण अजून धरूनच ठेवलं आहे. लर्निंग रिमोट नक्कल करताना खुणेसकट नक्कल करतो, त्यामुळे प्रत्येक वेळी तीच खूण जाते.

रिमोट दोन-तीनदा परत शिकवूनही हे जात नाही. त्या टीव्हीसाठी कोड यादीतून निवडता येणारा मोठ्या बटणांचा रिमोट शोधा, तो खूण स्वतः पालटतो. तोवर आवाज वाढवताना बटण एकेकदा न दाबता धरून ठेवायला सांगा. ज्यांचं बोट सुटत नाही पण उसळतं, त्यांच्या चालू-बंदच्या बटणाला मात्र हाच दोष उपयोगी पडतो. दुसरा ठोका टीव्ही मोजत नाही. एका घरी मी ते बटण मुद्दाम तसंच ठेवलं आहे.